योंगब्योनमध्ये तपासणी हरली नव्हती

जून 2025 मध्ये इराणवर बॉम्ब पडल्यापासून आमच्या सीमाभागात, निपाणीच्या चहाच्या टपरीपासून बेळगावात टिळकवाडीतल्या व्याख्यानानंतरच्या चर्चेपर्यंत, एकच वाद ऐकतोय आणि तो इतक्या वाईट पद्धतीनं चाललाय की शेवटी लिहायला बसलो. एक बाजू म्हणते, हे अण्वस्त्रं रोखायचे करारबिरार सगळं कागदी आहे, ज्याला बॉम्ब करायचाय तो करतोच, उत्तर कोरियानं केला की नाही, मग ते तपासायला गेलेले निरीक्षक तिथं काय करत होते? दुसरी बाजू म्हणते, तसं नाही, करारामुळंच जग वाचलंय. आणि मग दोघंही आपापल्या आवडीच्या देशाचं नाव घेऊन ओरडत बसतात. निरीक्षक तिथं जाऊन नेमकं काय करतात, काय मोजतात, खोटं कसं सापडतं, हे दोन्हीकडच्या कुणालाच विचारावंसं वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तपासणीचं काम एकच, समोरच्यानं दिलेला हिशोब खरा आहे की खोटा ते सांगणं. हे काम तिनं बहुतेक वेळा चोख केलंय, आणि सगळ्यात चोख तिथंच केलंय जिथं ती हरली म्हणून उदाहरण दिलं जातं, म्हणजे उत्तर कोरियात. खोटं सापडल्यावर पुढं काय करायचं हे सरकारांचं काम आहे. ही दोन कामं एकात मिसळली की वाद भरकटतो आणि मग ज्या यंत्रणेनं खरं सांगितलं तिलाच आपण निरुपयोगी ठरवतो.

हे मला पटकन का पटतं ते सांगतो. मी चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. आमच्या भागात उसाच्या काट्यावर संशय नाही असा शेतकरी भेटायचा नाही, पण आत लॅबमध्ये चोरी शोधायची पद्धत वेगळी असते. उसातून साखर किती आत आली ते माहीत असतं. ती साखर पोत्यात जाते, थोडी बगॅसमधून जाते, थोडी प्रेसमडमधून, थोडी मोलॅसिसमधून, आणि उरते ती अननोन लॉस. प्रत्येक ठिकाणचा नमुना घ्यायचा, मोजायचं, बेरीज करायची. बेरीज जुळली नाही तर कुठंतरी गडबड आहे, आणि गडबड करणाऱ्याला प्रत्यक्ष बघायची गरजच नसते, कारण एक आकडा बदलला की त्याच्याशी बांधलेले बाकीचे चार आकडे पण बदलायला लागतात आणि ते सगळे एकदम जुळवणं फार अवघड असतं. अणुभट्टीची तपासणी मुळात हेच आहे. माल आत किती, बाहेर किती, कचऱ्यात किती, आणि जे सापडत नाही ते किती.

आता योंगब्योन, म्हणजे उत्तर कोरियाचं अणुकेंद्र, बघू. उत्तर कोरिया डिसेंबर 1985 मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारात आला. करारात आल्यावर ठराविक मुदतीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेशी, म्हणजे आयएईएशी, तपासणीचा वेगळा करार करावा लागतो. तो त्यांनी टाळत टाळत जानेवारी 1992 मध्ये केला. मे 1992 मध्ये त्यांनी आपला पहिला जाहीर हिशोब दिला. म्हणाले, आमच्याकडं योंगब्योनला एक छोटी भट्टी आहे, 5 मेगावॅटची, 1986 पासून चालू. तिच्यातले काही खराब झालेले इंधनाचे रॉड आम्ही 1990 मध्ये एकदाच रासायनिक प्रक्रिया करून बघितले आणि त्यातून साधारण 90 ग्रॅम प्लुटोनियम निघालं. बस, एवढंच. बॉम्बला काही किलो लागतं, आयएईएचा हिशोब एका बॉम्बमागं 8 किलोचा आहे, म्हणजे 90 ग्रॅम हा प्रयोगशाळेतला खेळ झाला.

निरीक्षक गेले. त्यांना दाखवलेल्या जागाच त्यांनी बघितल्या, हे इथं लक्षात ठेवा, कारण टपरीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच असतो की तारीख कळवून येणारी, दाखवलेलंच बघणारी माणसं काय शोधणार? ज्या इमारतीला कोरियन लोक रेडिओकेमिकल लॅबोरेटरी म्हणत होते ती शंभर मीटरपेक्षा लांब, कित्येक मजली. तिथं जाड काचेच्या मागं हात घालून काम करायच्या पेट्या असतात. निरीक्षकांनी कापडाचे छोटे तुकडे घेतले आणि त्या पेट्यांच्या आसपास, उपकरणांवर पुसले. पिशवीत घातले, सील केले, प्रयोगशाळेत पाठवले. यजमानांनी जागा धुवून पुसून ठेवली असेल, पण या कामाला डोळ्याला न दिसणारे कण पुरतात आणि ते सगळे धुवून काढणं जवळपास अशक्य असतं.

त्या कणांनी काय सांगितलं? प्लुटोनियम म्हणजे एकच एक पदार्थ नाही, त्यात वेगवेगळ्या वजनाचे अणू मिसळलेले असतात. त्यातला 241 वजनाचा प्लुटोनियम आपोआप बदलत राहतो आणि त्याचं अमेरिशियम होतं, साधारण 14 वर्षांत निम्मा. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम रासायनिक पद्धतीनं वेगळं काढलं की अमेरिशियम मागं राहतं, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. त्या दिवसापासून ताजं अमेरिशियम परत साठायला लागतं. त्यामुळं एखाद्या कणात अमेरिशियम किती आणि 241 चा प्लुटोनियम किती हे मोजलं की हा माल कधी वेगळा काढला ते कळतं. आता कोरियाचं म्हणणं खरं असतं, एकदाच 1990 मध्ये प्रक्रिया केली, तर सगळ्या कणांचं वय एकच यायला पाहिजे होतं. तसं आलं नाही. कणांची वयं वेगवेगळी निघाली आणि त्यांचे गट 1989, 1990 आणि 1991 असे किमान तीन वेळा काम झाल्याचं सांगत होते.

यावर कुणी म्हणेल, एका मोजणीवर काय भरवसा. बरोबर, आम्ही पण लॅबमध्ये एका नमुन्यावर सही करत नव्हतो. पण दुसरा धागा पण होता. प्लुटोनियम वेगळं काढताना जो द्रव कचरा उरतो त्यात थोडं प्लुटोनियम राहतंच. एकाच इंधनातून निघालेला माल आणि त्याचाच कचरा असेल तर दोन्हीकडं वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण सारखं असायला पाहिजे. कोरियानं निरीक्षकांना 90 ग्रॅमचा मालही दाखवला आणि कचराही दाखवला, आणि दोघांचं प्रमाण जुळलं नाही. म्हणजे दाखवलेला कचरा दाखवलेल्या मालाचा नव्हता. मग या कचऱ्याचा माल कुठं गेला, आणि त्या मालाचा कचरा कुठं आहे?

हा प्रश्न पडल्यावर कचऱ्याची जागा शोधणं आलं. अमेरिकन उपग्रहांच्या फोटोंत योंगब्योनला अशा दोन जागा दिसत होत्या ज्या जाहीर यादीत नव्हत्या. जुन्या फोटोत एका ठिकाणी कचरा साठवायची सोय स्पष्ट दिसते, नंतरच्या फोटोत तिच्यावर माती टाकून झाडं लावलेली. फेब्रुवारी 1993 मध्ये हे फोटो आयएईएच्या संचालक मंडळापुढं ठेवले गेले आणि मंडळानं विशेष तपासणीची मागणी केली, म्हणजे जाहीर न केलेल्या या दोन जागा पण उघडा. महासंचालक हान्स ब्लिक्स तेव्हा या मागणीवर ठाम राहिले. 12 मार्च 1993 ला उत्तर कोरियानं करारातूनच बाहेर पडायची नोटीस दिली.

इथं थोडं थांबून विचार करायला पाहिजे. पहिला हिशोब दिल्यापासून एक वर्षसुद्धा झालं नव्हतं. तेवढ्यात काही निरीक्षकांनी, सांगून सवरून, दाखवलेल्या जागांवरून, कापडाच्या तुकड्यांनी एका बंदिस्त राजवटीचं खोटं पकडलं होतं, आणि इतकं नेमकं पकडलं होतं की कोणत्या वर्षांत काम झालं ते पण सांगितलं. हे अपयश कसं काय म्हणायचं?

पुढचा भाग जास्त वेदनादायक आहे. नोटीस लागू व्हायच्या आदल्या दिवशी, जून 1993 मध्ये, कोरियानं ती थांबवली आणि वर्षभर ओढाताण चालली. मे 1994 मध्ये त्यांनी भट्टीतलं सगळं इंधन, जवळपास 8,000 रॉड, बाहेर काढायला सुरुवात केली. निरीक्षक म्हणत होते, काढा, पण त्यातले आम्ही निवडू ते साधारण तीनशे रॉड बाजूला ठेवा आणि कुठला रॉड भट्टीत कुठल्या जागी होता ते नोंदवा. मागणी फार साधी होती. रॉड भट्टीत किती जळलाय ते मोजता येतं, आणि जागा माहीत असेल तर हे इंधन 1986 चंच आहे की मधेच एकदा बदललंय ते कळतं. मधे बदललं असेल तर पहिल्या इंधनातलं प्लुटोनियम किती निघालं त्याचा पण अंदाज येतो. म्हणजे सगळा जुना हिशोब त्या रॉडांच्या जागेत लिहिलेला होता. त्यांनी रॉड भराभर काढले आणि टोपल्यांत एकमेकांत मिसळून टाकले. जूनच्या सुरुवातीला ब्लिक्सनी सुरक्षा परिषदेला कळवलं की आता हा इतिहास परत काढता येणार नाही. रॉड तिथंच होते, पुरावा गेला होता. मला ही गोष्ट वाचताना अजूनही राग येतो, कारण हिशोब लपवायचा हा सगळ्यात बेशरम प्रकार आहे आणि तो निरीक्षकांच्या डोळ्यासमोर झाला आणि त्यांच्या हातात नुसतं पत्र लिहिणं होतं.

मग ऑक्टोबर 1994 मध्ये अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात समझोता झाला. भट्टी बंद, प्रक्रियेची इमारत बंद, 8,000 रॉड डब्यांत सील करून पाण्याच्या टाकीत, दोन मोठ्या भट्ट्यांचं बांधकाम थांबवायचं, आणि बदल्यात दरवर्षी 5 लाख टन इंधन तेल आणि पुढं दोन वेगळ्या जातीच्या वीज भट्ट्या. निरीक्षक योंगब्योनला राहिले, सील तपासत राहिले. डिसेंबर 2002 च्या शेवटी त्यांना हाकललं. जानेवारी 2003 मध्ये कोरिया करारातून बाहेर पडला, तेच 8,000 रॉड बाहेर काढून त्यातून प्लुटोनियम काढलं, आणि 9 ऑक्टोबर 2006 ला पहिला स्फोट केला.

आता टपरीवरचा मित्र म्हणतो, झाला की नाही शेवटी बॉम्ब? झाला. पण तारखा परत बघा राव. 1994 ते 2002 या आठ वर्षांत निरीक्षक तिथं होते आणि त्या भट्टीतून एक ग्रॅम नवीन प्लुटोनियम निघालं नाही, त्या रॉडांमध्ये चार पाच बॉम्बचा माल पडून होता आणि सील तुटलं नाही. ज्या दोन मोठ्या भट्ट्या झाल्या असत्या तर दरवर्षी कितीतरी पट जास्त माल निघाला असता त्या अर्धवट पडल्या त्या कायमच्या. निरीक्षकांना बाहेर काढल्यावर चार वर्षांच्या आत स्फोट झाला. हा क्रम तपासणी कुचकामी असल्याचा पुरावा आहे की उलट?

अर्थात विरोधकांचा एक मुद्दा इथं खरोखर जड आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. त्याच आठ वर्षांत कोरिया दुसऱ्या वाटेनं, युरेनियम शुद्ध करायच्या मार्गानं, चालला होता आणि ते योंगब्योनच्या सीलांना दिसणं शक्य नव्हतं. भट्टी लपवता येत नाही, तिची उष्णता दिसते, वाफ दिसते, इमारत दिसते. युरेनियम शुद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं एका मोठ्या गोडाऊनच्या आकाराच्या शेडमध्ये बसतात आणि वीजही फार खात नाहीत. 2010 मध्ये कोरियानं स्वतःहून अमेरिकन शास्त्रज्ञ सिगफ्रिड हेकर यांना बोलावून सेंट्रिफ्यूजचा अख्खा हॉल दाखवला, त्यांनी सांगितलेली संख्या 2,000. तोपर्यंत बाहेरच्या कुणी तो हॉल आतून बघितलेला नव्हता. तपासणीला ही मर्यादा आहेच, जिथं पाय ठेवता येत नाही तिथलं तिला दिसत नाही. पण यातून तपासणी बंद करा हा निष्कर्ष निघत नाही, जास्त जागी पाय ठेवू द्या हा निघतो. आणि जगानं तो काढला पण होता. इराकमध्ये 1991 च्या आधी निरीक्षक जाहीर केलेला माल तेवढा मोजून परत यायचे आणि शेजारच्या इमारतीत वेगळाच कार्यक्रम चालला होता. तो धडा आणि कोरियाचा धडा मिळून 1997 मध्ये जादा प्रोटोकॉल आला, ज्यात न जाहीर केलेल्या जागी जाण्याचा आणि आसपासचे कण उचलण्याचा अधिकार आहे. तो देशानं स्वतः स्वीकारावा लागतो, ही त्याची कमजोरी.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांच्या मनात खोल बसलेला आहे आणि तो पण खरा आहे. पाच देशांना बॉम्ब ठेवायची मुभा आणि बाकीच्यांनी कपडे झाडून दाखवायचे, हा कुठला न्याय? भारतानं याच कारणानं एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर, सही केली नाही आणि मला ती भूमिका चुकीची वाटत नाही. आपल्याला सगळ्यात जवळची भट्टी म्हणजे खाली घाटाच्या पलीकडची कैगा, आणि नागरी आणि लष्करी भट्ट्यांच्या 2006 च्या विभागणीत ज्या 14 भट्ट्या भारतानं आयएईएच्या तपासणीखाली द्यायचं ठरवलं त्यात कैगा नाही. म्हणजे दुसऱ्यांच्या तपासणीबद्दल बोलताना आपण पण आपल्या काही खोल्या बंद ठेवल्यात हे मान्य करून बोलूया. पण करार अन्यायी आहे आणि मोजमाप खोटं आहे ही दोन वेगळी वाक्यं आहेत. काटा कुणाच्या मालकीचा आहे यावर भांडण असू शकतं, तरी त्या काट्यानं दाखवलेलं वजन बरोबर आहे का हे स्वतंत्रपणे बघता येतं. अमेरिशियम कोणत्या देशाच्या बाजूचं असतं?

तिसरा आक्षेप इराकचा, आणि मला वाटतं हा सगळ्यात दुखरा. 1990 च्या दशकात इराकमधल्या तपासणी पथकाचा वापर अमेरिकन हेरगिरीसाठी झाल्याचं बाहेर आलं, त्यानं निरीक्षकांवरचा विश्वास कायमचा डागाळला. आणि 2003 मध्ये तर निरीक्षक खरं सांगत होते तरी युद्ध झालंच. 7 मार्च 2003 ला आयएईएचे प्रमुख मोहम्मद अल बरदेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रं अस्सल नाहीत आणि अणुकार्यक्रम परत सुरू झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. दोन आठवड्यांच्या आत आक्रमण झालं. नंतर कब्जा करून सगळा देश धुंडाळला तेव्हा त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. मित्र म्हणतो, मग उपयोग काय झाला? मी उलट विचारतो, त्या वेळी वॉशिंग्टनचं टिकलं, लंडनचं टिकलं, की पथकांचं? पथकांचं टिकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची चूक ऐकवणाऱ्याच्या नावावर का चढवायची?

अणूवरून रसायनाकडं येतो, कारण तिथं तपासणी असलेला आणि नसलेला करार दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. 1925 च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनं युद्धात विषारी वायू वापरायला बंदी घातली. बनवायला, साठवायला नाही, आणि बघायला कुणी येणार नाही. इटलीनं त्याला मान्यता दिलेली होती आणि 1935-36 मध्ये इथिओपियात मस्टर्ड हा विषारी वायू वापरला. इराकनं पण मान्यता दिलेली होती, आणि 1980 च्या दशकात इराणी सैनिकांवर आणि 16 मार्च 1988 ला हलब्जात स्वतःच्याच कुर्दांवर वायू टाकला. 1997 मध्ये जो रासायनिक अस्त्रबंदी करार लागू झाला त्यात साठा जाहीर करायचा, तो निरीक्षकांसमोर नष्ट करायचा आणि कारखाने पण दाखवायचे अशी अट आली. आणि इथं आपलं स्वतःचं उदाहरण आहे जे आपल्याकडं फार कमी लोकांना माहीत असतं. ऑगस्ट 1992 मध्ये भारत आणि पाकिस्ताननं मिळून जाहीर केलं होतं की आमच्याकडं रासायनिक अस्त्रं नाहीत. 1997 मध्ये करार लागू झाल्यावर भारतानं 1,044 टन मस्टर्डचा साठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत तो तपासणीखाली संपवला. निरीक्षक येणार नसते तर ते 1992 चं वाक्यच आजपर्यंत खरं मानून आपण बसलो असतो. यात मला लाज वाटण्यासारखं कमी आणि करार कसा काम करतो ते कळण्यासारखं जास्त दिसतं.

पण लगेच सीरिया. ऑगस्ट 2013 मध्ये दमास्कसजवळ घूतात झालेल्या रासायनिक हल्ल्यानंतर सीरियाला करारात यावं लागलं, साधारण 1,300 टन माल जाहीर झाला, 2014 मध्ये तो देशाबाहेर नेला, त्यातला सगळ्यात घातक भाग केप रे नावाच्या अमेरिकन जहाजावर पाण्याची प्रक्रिया करून निकामी केला. आणि 4 एप्रिल 2017 ला सीरियातल्या खान शेखुन शहरावर परत सॅरिन हे विषारी रसायन पडलं. म्हणजे सगळा माल दिलेला नव्हता किंवा परत बनवला होता. तपासणी हरली? बघा काय झालं ते. सॅरिन शेवटच्या टप्प्यात दोन द्रव मिसळून तयार होतं, त्यातल्या एकाचं नाव डीएफ. सीरियाच्या डीएफचे नमुने निरीक्षकांनी 2014 मध्ये ठेवून घेतलेले होते. तो बनवायच्या सीरियाच्या पद्धतीत काही ठराविक अशुद्धी राहायच्या, आमच्या साखरेत पण कारखान्यागणिक थोडा फरक राहतोच. खान शेखुनच्या नमुन्यांत त्याच अशुद्धी सापडल्या. ऑक्टोबर 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि रासायनिक अस्त्रबंदी संस्था यांच्या संयुक्त पथकानं सीरियाच्या सरकारला जबाबदार धरलं. पुढच्या महिन्यात रशियानं व्हेटो वापरला आणि ते पथकच बंद पडलं. योंगब्योनसारखंच, मोजमाप झालं, निकाल लागला, आणि निकालाचं काय करायचं ते ज्यांच्या हातात होतं त्यांनी पाठ फिरवली.

इथं एक तांत्रिक अडचण पण सांगायला पाहिजे. सीरियात क्लोरीनही टाकला गेला, आणि क्लोरीन तर पाणीपुरवठा योजनेत रोज लागतो, त्याचा साठा मोजून कुणाला पकडणार? वापर पकडता येतो, साठ्यावरून हेतू पकडता येत नाही. शिवाय या करारात कुठल्याही देशावर अचानक तपासणी मागायची सोय आहे आणि ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. मला ही गोष्ट खरंच कळत नाही. सरकारं आरोप करतात, उपग्रहाचे फोटो दाखवतात, भाषणं देतात, पण जे हत्यार त्यांनीच कराराच्या कागदात लिहून घेतलंय ते उचलत नाहीत. ब्लिक्सनी 1993 मध्ये विशेष तपासणी मागितली तेव्हा त्यांना निदान नकार तरी मिळाला, आणि तो नकार हाच सगळ्या जगासाठी पुरावा झाला.

परत इराणवर येतो, कारण वाद तिथून सुरू झाला. 2015 च्या करारात इराणला 3.67 टक्क्यांपर्यंतच शुद्ध केलेलं युरेनियम आणि तेही 300 किलोपर्यंतच ठेवायची परवानगी होती. अमेरिका 2018 मध्ये बाहेर पडली, मग इराणनं एकेक मर्यादा ओलांडली, 2021 मध्ये जादा प्रोटोकॉल पाळायचा थांबवला, 2022 मध्ये कॅमेरे काढले. एवढं सगळं होऊन पण मे 2025 मध्ये आयएईए सांगू शकत होती की इराणकडं 60 टक्के शुद्धतेचं युरेनियम 408.6 किलो आहे. दशांशासकट. कारण सील होते आणि निरीक्षक फोर्डो, नतान्झच्या युरेनियम शुद्ध करायच्या केंद्रांत जात होते. जूनमध्ये बॉम्ब पडले, निरीक्षक बाहेर आले, आणि पुढचे कित्येक महिने तो माल नेमका कुठं आहे, किती उरलाय, हे कुणी जाऊन बघू शकलं नाही. बॉम्बवाल्यांचा दावा वेगळा, इराणचा वेगळा, आणि मधे काटा नाही.

मान्य आहे, नुसतं मोजून साठा कमी होत नाही, आणि 60 टक्क्यांचा एवढा माल कुणाकडं असणं ही साधी गोष्ट नाही, त्या बाजूच्या लोकांची भीती खोटी नाही. पण टिळकवाडीतल्या चर्चेत ज्यांनी छाती पुढं काढून सांगितलं की हल्ल्यानं प्रश्न सुटला, त्यांना माझा प्रश्न आहे की कशावरून? कुठल्या नमुन्यावरून, कुठल्या सीलवरून? आणि जे दुसरीकडून म्हणाले की इराण शांततेसाठीच करतंय, त्यांना पण तोच प्रश्न. वीज भट्टीला साधारण 3 ते 5 टक्के पुरतात, 60 टक्क्यांचं उत्तर वीज हे नाही. दोन्ही बाजूंनी मागायला पाहिजे असलेली गोष्ट एकच आहे आणि ती फार मोठी पण नाही, निरीक्षकांना परत आत जाऊ द्या, डबे उघडून वजन करू द्या, भिंती पुसू द्या, आणि या वेळी नमुने मिसळून टाकायला कुणाला वेळ मिळायच्या आत.